आज चौदा गैरहजर

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेचा मेसेज यायचा, आणि तो वाचून झाला की वहिनी फोन टेबलावर उपडा ठेवायच्या. हजेरीच्या अ‍ॅपची या महिन्याची वर्गणी तुमच्या कार्डावरून वळती झाली आहे, असं त्यात असायचं. हजेरी कसली आणि कुणाची? पाळणाघर बंद होऊन दीड वर्ष होत आलं होतं.

पाळणाघर वहिनी आणि त्यांच्या नणंदबाई दोघींनी मिळून चालवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मागचं अंगण, आणि भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर लावलेल्या खुंट्यांची रांग, एवढाच संसार. वयानं नणंदबाई चार वर्षांनी मोठ्या, पण अंगानं काडी. वहिनी वयानं लहान, पण चांगल्या दणकट. मुलांना वयाचं काय कळतं? ती अंगकाठीवर गेली. त्यामुळे वहिनी झाल्या मोठी मावशी आणि नणंदबाई बारकी मावशी. पुढे पुढे आईबापही तसंच म्हणायला लागले, आणि किराणा पोचवणाराही.

सकाळी आठला पहिलं पिल्लू रडत यायचं आणि संध्याकाळी सातला शेवटचं पिल्लू जायचं नाही म्हणून रडायचं. मधल्या वेळात दूध, शी-शू, भांडणं, चावे, झोप. दुपारी सगळी सतरंज्यांवर ओळीनं निजली की दोघी दाराच्या उंबऱ्यावर बसून कपात चहा घ्यायच्या आणि खुणांनी बोलायच्या. इतक्या वर्षांत त्या खुणांची एक भाषाच झाली होती. भुवई उडवली की 'कोपऱ्यातला जागा आहे', नाक मुरडलं की 'आता तुझी पाळी'.

मग नणंदबाईंचा गुडघा धरला. नवी मुलं घेणं थांबवलं, होती ती दोनेक वर्षांत एकेक करून शाळेत गेली आणि एका शनिवारी खुंट्या रिकाम्या झाल्या. घर इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. दोघी एकाच घरात, पण एक पुढच्या खोलीत टीव्हीपुढे आणि दुसरी मागच्या खोलीत शब्दकोड्यापुढे. जेवायच्या वेळी भेटायच्या, आणि काय बोलायचं ते सुचायचं नाही म्हणून मीठ मागायच्या.

अशाच एका सकाळी वहिनी अंघोळीला गेल्या असताना फोन वाजला, आणि नणंदबाईंनी तो उलटून पाहिला.

"वहिनी, हे काय गं? हे लोक अजून पैसे घेतायत?"

"घेतात खरे," वहिनी केस पुसत म्हणाल्या. "बंद करायचं राहिलंय."

"दीड वर्ष राहिलंय? दुधात एक चमचा पाणी जास्त असलं तर तू गवळ्याला दारात उभा करतेस!"

केस पुसायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

हे अ‍ॅप घेतलं तेव्हा दोघींचाही विरोध होता. पण नव्या जमान्यातले आईबाप. त्यांना ऑफिसात बसून मुलाचं तोंड बघायचं असायचं. मग एक टॅब आणला. मूल आलं की त्याच्या नावापुढे 'हजर' दाबायचं, लगेच आईबापाच्या फोनवर 'तुमचं पिल्लू सुखरूप पोचलं' असा मेसेज. दिवसातून दोनतीन फोटो टाकायचे. पाळणाघरासाठी वेगळा मोबाइल नंबर होता, तोच या खात्याला जोडला होता. पैसे जायचे वहिनींच्या कार्डावरून, आपोआप.

"आण तो टॅब," नणंदबाई म्हणाल्या. "आत्ता बंद करून टाकू."

टॅब कपाटाच्या वरच्या फळीवरून निघाला. चार्ज केला, पुसला. अ‍ॅप उघडलं तर ते म्हणालं, पुन्हा प्रवेश करा, तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. नोंदवलेला नंबर म्हणजे पाळणाघराचा. तो तर पाळणाघर बंद केल्यावर सोडून दिला होता, कारण 'जागा आहे का' म्हणून लोक फोन करायचे आणि प्रत्येकाला नाही म्हणणं वहिनींच्या जिवावर यायचं.

कोपऱ्यात एक गोल चेहरा डोळे मिचकावत होता. मदत हवी का, असं विचारत होता. वहिनींनी एका बोटानं टाइप केलं, "पाळणाघर बंद झालं आहे. वर्गणी बंद करा."

"अरे वा! पाळणाघराविषयी बोलू या. तुम्हाला नवी शाखा जोडायची आहे का?"

"नाही. बंद करायचं आहे."

"वर्गणी बंद करणं अगदी सोपं आहे! आपल्या खात्यात प्रवेश करा, मग सेटिंग, मग बिल, मग 'वर्गणी रद्द करा'."

"प्रवेश होत नाही. तो नंबर आता आमचा नाही."

"काही हरकत नाही! नंबर बदलण्यासाठी आपल्या खात्यात प्रवेश करा."

"माणसाशी बोलायचं आहे."

"नक्कीच! तोपर्यंत हे लेख वाचा." खाली पाच लेख. पहिला लेख, नवी शाखा कशी जोडावी.

"गोडबोल्या मेला," नणंदबाई म्हणाल्या. तेव्हापासून त्या गोल चेहऱ्याचं नाव गोडबोल्या पडलं.

पुढचे काही दिवस गोडबोल्याशी झुंजण्यात गेले. नणंदबाई चष्मा लावून बाजूला बसायच्या आणि सांगायच्या, "जरा रागावून लिही." वहिनी रागावून लिहायच्या. गोडबोल्या म्हणायचा, तुमच्या भावना आम्ही समजतो. "आता गोड लिही." गोड लिहिलं की तो म्हणायचा, तुमच्या कौतुकाबद्दल आभार. पालथ्या घड्यावर पाणी. कंपनीच्या वेबसाइटवर फोन नंबर शोधला, कुठे नव्हता. पत्ता होता, तो नुसता एक टपालपेटी क्रमांक. बिलं ज्या मेलवरून यायची त्याला वहिनींनी सविस्तर मेल लिहिली, पाळणाघर कधी सुरू झालं, कधी बंद झालं, गुडघा, सगळं. मेल पाठवून हात खाली यायच्या आत उत्तर: या पत्त्यावर आलेल्या मेल वाचल्या जात नाहीत.

"निदान खोटं तरी बोलत नाहीत," नणंदबाई म्हणाल्या.

वहिनींच्या परदेशातल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आई, कंपनीच्या नादी लागूच नकोस. बँकेत जा आणि पैसे जायचे थांबव."

दोघी बँकेत गेल्या. खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. तिनं नीट ऐकून घेतलं. "कार्ड बंद करायची गरज नाही," ती म्हणाली. "तुम्ही या कंपनीला दर महिन्याला आपोआप पैसे घ्यायची परवानगी दिली होती. ती तेवढी रद्द करता येते. पुढच्या वेळी त्यांनी मागितले तर बँक देणार नाही. हा अर्ज भरा, सही करा."

"एवढंच?"

"बँकेच्या बाजूनं एवढंच. पण कंपनीकडचं तुमचं खातं आम्ही नाही बंद करू शकत. ते उघडंच राहील, पैसे भरा म्हणून तुम्हाला मेल येत राहतील. जमलं तर तिकडूनही रद्द करा. नाही जमलं तर बंद करायला सांगितलंय याचा पुरावा म्हणून तुमची मेल जपून ठेवा." मुलीनं मग सहज विचारलं, "त्या खात्यात तुमचं काही ठेवलेलं नाही ना? पैसे थांबले की काही दिवसांनी या कंपन्या सगळं पुसून टाकतात. त्यांच्या अटींत असतं बघा."

वहिनींचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथेच थांबलं.

"वन्सं," त्या हळूच म्हणाल्या, "फोटो."

आधीच्या मुलांचे फोटो अल्बमात होते. पण टॅब आल्यापासून कुणी कॅमेरा हातात घेतला नव्हता. शेवटची सहा वर्षं सगळी त्या अ‍ॅपच्या पोटात होती. शेवटची चौदा मुलंही.

नणंदबाईंनी वहिनींच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि त्या मुलीला म्हणाल्या, "आम्ही पुढच्या आठवड्यात येतो गं बाळ."

बाहेर पडल्यावर दोघी बँकेच्या पायरीवरच टेकल्या. गुडघ्याचं निमित्त होतं.

"आता गं?" नणंदबाई म्हणाल्या. "ओटीपी येणार जुन्या नंबरवर. आणि जुना नंबर..."

"जुना नंबर कुणाला तरी दिला असेल की," वहिनी म्हणाल्या. "नंबर काही फुकट ठेवत नाहीत. विचारायला काय जातं?"

इतके दिवस हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. काखेत कळसा! वहिनींनी स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावला. बोटांना तो पाठ होता, डोळ्यांना आठवावा लागला नाही. दोनदा वाजला आणि मशीनच्या खडखडाटावरून ओरडून कुणीतरी म्हणालं, "बोला! सोफा, खुर्ची, गादी, काय फाटलंय?"

गोडबोल्यानंतर खरा माणूस!

"अहो, फाटलेलं काही नाही. हा नंबर आधी आमचा होता. आमचं पाळणाघर होतं..."

मशीन थांबलं. "थांबा थांबा. तुम्ही मावशी का? मोठी का बारकी?"

"मोठी," वहिनी चाचरत म्हणाल्या.

"अहो मावशी, कुठे होतात तुम्ही! आज पण चौदा गैरहजर!"

त्या माणसाचं सोफे दुरुस्तीचं दुकान होतं. हा नंबर त्यानं वर्षापूर्वी घेतला होता. पहिल्या आठवड्यात सोफ्यासाठी कुणी फोन केला नाही, पण मोठी मावशी आहे का, बारकी मावशी आहे का, बाळाला जागा आहे का, असे फोन खूप आले. आणि रोज सकाळी अकराला एक मेसेज: आज हजेरी भरलेली नाही. गैरहजर चौदा. खाली सगळी नावं.

"मग आत्ता मी ओटीपी मागवते, तेवढा सांगाल का?" वहिनींनी विचारलं.

"ते नाही सांगणार," सोफावाला ठामपणे म्हणाला. "राग मानू नका. फोनवर कुणी आकडा मागितला तर देऊ नका, असं सगळे सांगतात. तुम्ही मावशीच कशावरून? दुकानात या. समोर बसून बघू."

नणंदबाई कान लावून ऐकत होत्या. "बरोबर बोलतोय तो," त्या म्हणाल्या. "मला आवडला."

दुसऱ्या दिवशी दोघी टॅब पिशवीत घालून गेल्या. एका अरुंद गल्लीत दुकान. दारात उघडे सांगाडे उभे, आत फोमच्या लाद्या, कापडाचे ठाण, स्प्रिंगांचा ढीग, आणि सगळीकडे फोमचा भुसा. सोफावाला चाळिशीचा, तोंडात छोटे खिळे धरलेला. त्यानं खिळे काढून डबीत टाकले, एका अर्ध्या झालेल्या सोफ्यावर कापड अंथरलं आणि दोघींना बसवलं. एका बाजूला स्प्रिंगा बसवलेल्या होत्या, दुसरी बाजू नुसती पट्ट्यांची, त्यामुळे वहिनी वर आणि नणंदबाई खड्ड्यात अशा बसल्या.

"आता मला वाईट वाटतंय," तो म्हणाला, "पण खात्री करायला पाहिजे. त्या यादीत पहिलं नाव कुणाचं?"

"पहिलं?" नणंदबाई खड्ड्यातून म्हणाल्या. "सगळी घे." आणि त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. "चिऊ. ढब्बू. जुळ्यांतला आधीचा, जुळ्यांतला नंतरचा. गुंड्या. राणी. दुसरी राणी..." रोज सकाळी खुंट्यांवरच्या पिशव्या बघत त्या हजेरी घ्यायच्या तशीच, त्याच चालीत, कुठेही न अडता, चौदाच्या चौदा. अ‍ॅपमध्येही त्यांनी खरी नावं न घालता हाकेची नावंच घातली होती. आईबापही घरी तसंच हाक मारायचे, मग वेगळं कशाला?

सोफावाला फोनवरच्या मेसेजवर बोट ठेवून बघत होता. शेवटचं नाव झालं तसं त्यानं मान हलवली. "मागवा ओटीपी."

आकडा आला. त्यानं फोन त्यांच्यासमोर धरला, वहिनींनी तो टाइप केला, आणि टॅबवर एक पिवळी पाटी उघडली: सुस्वागतम, मावशी.

त्यानंतर बराच वेळ कुणी काही रद्द केलं नाही. फोटोच फोटो होते. सतरंज्यांवर झोपलेली रांग, त्यात एकाचा पाय दुसऱ्याच्या तोंडावर. दुधाची मिशी. बादलीत बसलेली राणी. बुटांच्या ढिगात आपला बूट शोधणारी जुळी, दोघांच्याही हातात डावाच बूट. वहिनी एकेक फोटो सरकवत होत्या आणि नणंदबाई खड्ड्यातून मान उंचावून म्हणत होत्या, "हळू, हळू, काय घाई आहे?"

"यातला गुंड्या कुठला?" सोफावाल्यानं मागून वाकून विचारलं.

"हा बघा. का?"

"काही नाही. वर्षभर नाव वाचतोय. मला वाटलं होतं जाडजूड असेल." गुंड्या पाप्याचं पितर होता, एका हातात स्वतःची चड्डी धरून उभा. "आणि हा ढब्बू? बरोबर, अगदी असाच वाटला होता."

"तुम्ही हे मेसेज बंद का नाही केले?" वहिनींनी विचारलं. "नको असलेला नंबर अडवता येतो ना?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "आधी वैताग आला होता. मग सवय झाली. अकराला तो वाजला की आम्ही मशीन थांबवून चहा घेतो. कारागीर विचारतो, आज कुणी आलं का? मी म्हणतो, नाही बाबा, चौदाच्या चौदा गैरहजर." त्यानं हसून खिळ्यांची डबी हलवली. "दांडीबहाद्दर आहेत तुमची पोरं."

जायच्या आधी वहिनींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खात्याचा नंबर बदलून स्वतःचा टाकला. नवा ओटीपी त्यांच्या फोनवर आला आणि जुना नंबर सुटला. मग 'सगळी माहिती उतरवा' असं बटण शोधून दाबलं. तयारी व्हायला काही तास लागतील, दुवा मेलवर येईल, असं उत्तर आलं.

"म्हणजे उद्यापासून मला येणार नाही मेसेज," सोफावाला म्हणाला.

"नाही येणार. सुटलात."

"हो ना," तो म्हणाला, आणि मशीनकडे वळला. दोघी दाराशी पोचल्यावर मागून ओरडला, "सोफा फाटला तर नंबर आहेच तुमच्याकडे!"

संध्याकाळी मेल खरंच आली. गोडबोल्याच्या घरून आलेली पहिली कामाची गोष्ट. मुलाला फोनवर विचारत विचारत वहिनींनी सगळे फोटो कॉम्प्युटरवर उतरवले, एका छोट्या पेनड्राइव्हवरही घेतले आणि मधले दहा-वीस उघडून खरंच दिसतायत ना ते पाहिलं. दिसत होते. आता रद्द करायला हरकत नव्हती.

सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर दोघी बसल्या. सेटिंग, मग बिल, मग सगळ्यात खाली, करड्या बारीक अक्षरांत, 'वर्गणी रद्द करा'. ते दाबलं तर एक रडका चेहरा आला. जाताय का? तीन महिने अर्ध्या दरात राहा! खाली मोठं गुलाबी बटण, 'राहते'. त्याच्याखाली पुन्हा बारीक अक्षरांत, 'तरीही पुढे जा'. पुढे गेलं तर, रद्द नको असेल तर काही काळ थांबवून ठेवायचं का? पुन्हा गुलाबी. पुन्हा बारीक.

"पाहुण्याला दारात धरून ठेवावं तसं चाललंय," नणंदबाई म्हणाल्या. "पुढे जा."

मग आलं, का जाताय ते सांगा. पाच कारणं दिली होती. महाग वाटतं, वापरायला अवघड, दुसरं अ‍ॅप घेतलं, असं काहीबाही. मुलं मोठी झाली, हे कारण त्यात नव्हतं.

वहिनींचं बोट वर राहिलं.

"वन्सं, खरं सांगू? मला दर महिन्याला दिसायचं पैसे गेलेले. राहिलं-बिहिलं काही नव्हतं. मला वाटायचं, जाऊ देत. कुठेतरी चालू आहे ना अजून."

नणंदबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. तो स्वच्छच होता.

"गुडघा दुखत होता हे खरं," त्या म्हणाल्या. "पण तेवढ्यासाठी मी बंद म्हटलं नसतं गं. खुर्चीत बसून घेतली असती हजेरी. तू रात्री स्वतःचे पाय चेपत बसायचीस. मला वाटलं तू दमलीस, पण तू होऊन म्हणणार नाहीस. म्हणून मी म्हटलं."

"मी?" वहिनी म्हणाल्या. "मी तर तुम्ही दमलात म्हणून हो म्हटलं!"

मग नणंदबाईंना हसू फुटलं, आणि ते बघून वहिनींनाही. दोघी शहाण्या, आणि एक चालतं घर बंद करून बसल्या. हसता हसता वहिनींचे डोळे भरून आले आणि त्यांनी चहाचा कप विनाकारण विसळला.

त्या कप विसळत असताना नणंदबाईंनी टॅब ओढून घेतला. काय करतायत ते वहिनींना कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी हजेरीचं पान उघडून चिऊच्या नावापुढे 'हजर' दाबलं होतं. मग ढब्बू. मग जुळी.

"अहो वन्सं! मेसेज जातील सगळ्यांना!"

"जाऊ देत. शेवटचा दिवस आहे." आणि चौदाव्या नावापर्यंत त्या थांबल्या नाहीत.

दोन मिनिटं काही झालं नाही. बहुतेकांनी ते अ‍ॅप कधीच काढून टाकलं असणार. मग वहिनींचा फोन वाजला. चिऊची आई. आवाज कापरा.

"मावशी, चिऊ तुमच्याकडे पोचली म्हणून मेसेज आलाय! ती शाळेत आहे! नाही का? तुमच्याकडे कशी आली?"

वहिनींनी नणंदबाईंकडे असं पाहिलं की त्यांनी टॅब उलटा करून ठेवला. "अगं नाही, नाही, ती शाळेतच आहे. इकडे कुणी नाही. आमची चूक झाली. बारकी मावशीनं जुनी बटणं दाबली. घाबरू नकोस, बाळ." चार वेळा समजावलं तेव्हा पलीकडचा श्वास खाली आला. मग ती आई आधी रागावली, मग हसली.

"मावशी," ती म्हणाली, "तो मेसेज वाचला ना, आणि एक सेकंद मला खरंच वाटलं, चला, पोचली, आता कामाला लागू. मग आठवलं की ती पहिलीत आहे."

ढब्बूच्या बाबांनी नुसतं लिहिलं, "त्याला दूध द्या, सकाळी प्यायला नाही." त्यांना चेष्टा कळली होती. बाकी कुणाचं काही आलं नाही.

"परत असलं करायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "जीव गेला असता त्या पोरीचा."

"नाही करणार," नणंदबाई ओशाळून म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच कारणांतलं 'इतर' निवडलं, शेवटचं बारीक अक्षर शोधलं आणि दाबलं. मेल आली, तुमची वर्गणी रद्द झाली आहे, यापुढे कार्डावरून रक्कम घेतली जाणार नाही. वहिनींनी ती मेल जपून ठेवली. तरी दुधानं तोंड पोळलेलं, ताक फुंकून प्यायला हवं. म्हणून त्या बँकेतही गेल्या आणि त्याच मुलीसमोर अर्जावर सही करून परवानगीही काढून घेतली. मुलीनं विचारलं, "ठेवलेलं मिळालं का?" वहिनी म्हणाल्या, "मिळालं."

पुढच्या महिन्यात मेसेज आला नाही. वहिनींनी दोनदा फोन बघितला, एवढंच.

दुपारी आता पुढच्या खोलीतला टीव्ही वेगळ्या कामाला लागला. पेनड्राइव्ह मागे खोचायचा आणि दोघींनी मिळून फोटो बघायचे. शब्दकोडं पडून राहिलं. कोण कुणाला चावलं होतं यावरून वाद व्हायचे. मीठ मागायची गरज उरली नाही.

एका रविवारी चिऊची आई चिऊला घेऊन आली. दारात एक उंच, लांब वेणीची मुलगी उभी. तिनं दोघींना शहाण्यासारखा नमस्कार केला आणि आईच्या मागे सरकली.

"ओळखलंस का?" आईनं विचारलं. "ही मोठी मावशी, ही बारकी मावशी. पूर्ण दिवस असायचीस तू इथे. घरी जायला तयार नसायचीस!"

चिऊनं दोघींकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या खुंट्यांकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

आईचा चेहरा पडला. "असं कसं गं..."

"बरोबरच आहे," वहिनी म्हणाल्या. "इथून गेली तेव्हा अडीच वर्षांची तर होती." त्यांना वाटलं होतं त्याहून मनाला कमी लागलं. इतकी वर्षं इतकी पोरं आली आणि गेली. त्यांनी लक्षात ठेवावं म्हणून कुणी शी धूत नाही. लक्षात ठेवायचं काम मावश्यांचं.

नणंदबाईंनी टीव्हीवर फोटो लावला. बादलीच्या शेजारी उभी, केस विस्कटलेली, नाकाला शेंबूड, हातात कुणाचीतरी वेणी घट्ट धरलेली एक पोर.

"ही मी?" चिऊनं विचारलं.

"तूच."

"आणि ही वेणी कुणाची?"

"माझी," बारकी मावशी म्हणाली. "झोप येईपर्यंत सोडायची नाहीस. मी तशीच बसून राहायची, मान वाकडी करून. तू झोपलीस की मोठी मावशी येऊन एकेक बोट सोडवायची."

चिऊ फोटोकडे बघत राहिली. मग सतरंजीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "अजून आहेत?"

"आहेत की," वहिनी म्हणाल्या आणि दूध तापवायला उठल्या.